‘अमर्याद’ म्हणजे किती, ते लिहून द्या

महिन्याचे पहिले तीन आठवडे इंटरनेट सुसाट चालतं आणि चौथ्या आठवड्यात एकाएकी रांगायला लागतं, अशी तक्रार असलेली घरं आता गावोगावी आहेत. कस्टमर केअरला फोन केला की राउटर बंद करून चालू करायला सांगतात. मग कंपनीचा माणूस येतो, भिंतीवरच्या डब्यातला हिरवा दिवा बघतो, ‘लाइन क्लिअर आहे’ म्हणतो आणि जातो. तो खोटं बोलत नसतो. लाइन खरोखरच क्लिअर असते. वेग कमी झालेला असतो तो तारेत नव्हे, कंपनीच्या सर्व्हरवर. आणि तो बिघाड नसतो, ठरवून केलेली कपात असते.

ही कपात कशी होते ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. तुमच्या कनेक्शनला एक युजर-आयडी असतो. कंपनीच्या यंत्रणेत त्या आयडीसमोर दोन आकडे रात्रंदिवस वाढत असतात: तुमच्या घरात किती डेटा आला आणि तुमच्या घरातून किती बाहेर गेला. महिन्यासाठी ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली की सर्व्हर पुढच्या यंत्राला निरोप देतो, या आयडीचा वेग इतका करा. शंभर एमबीपीएसचे दोन एमबीपीएस होतात. राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, आयडी तोच राहतो आणि म्हणून वेगही तोच राहतो. बिलाचं नवं चक्र सुरू झालं की आकडे शून्यावर येतात आणि घरातली मंडळी म्हणतात, ‘बरं झालं, आपोआप सुधारलं.’

या मर्यादेला कंपन्या एफयूपी म्हणतात, फेअर यूसेज पॉलिसी. तशी ती ठेवणं बेकायदा नाही. गल्लीतल्या एका फायबरच्या फांदीवर ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत त्या सगळ्या घरांना मिळून येण्याचा वेग साधारण अडीच जीबीपीएस असतो. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी शंभर-शंभर एमबीपीएस मागितले तर ते पुरणार नाहीत. सगळे एकदम मागत नाहीत, या हिशेबावरच हा धंदा उभा आहे. तरी माझं मत सांगून टाकतो: गर्दी होते संध्याकाळी, मर्यादा मात्र महिन्याच्या बेरजेवर लावतात. पहाटे तीन वाजता, सगळी गल्ली झोपलेली असताना उतरवलेला सिनेमाही त्याच बेरजेत धरला जातो. जुन्या वाचकांना बीएसएनएलचे ते प्लॅन आठवत असतील, ज्यांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलंच जात नसे आणि मुलं गजर लावून उठत. त्या हिशेबात गर्दीचं तर्कशास्त्र तरी होतं. आजची महिन्याची मर्यादा मला गर्दीपेक्षा दर ठरवण्याचं साधन जास्त वाटते. पण ते कंपनीचं धोरण आहे आणि ते ठरवण्याचा तिला अधिकार आहे. ग्राहकाचा अधिकार वेगळा आहे: ती मर्यादा नेमकी किती आणि त्यानंतरचा वेग किती, हे आधी आणि स्पष्ट कळण्याचा.

या अधिकाराला कागदाचा आधार आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, हिने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रॉडबँड कंपन्यांना एक निर्देश दिला. घरच्या ब्रॉडबँडच्या प्रत्येक प्लॅनबाबत तीन गोष्टी वेबसाइटवर आणि जाहिरातीत द्यायच्या: डेटाची मर्यादा किती, त्या मर्यादेपर्यंत वेग किती, आणि मर्यादा ओलांडल्यावर वेग किती. ही माहिती ग्राहकालाही कळवायची. मर्यादा संपत आली की एसएमएस किंवा ईमेलने सावध करायचं. आणि काहीही झालं तरी डाउनलोडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. त्या वेळी ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच ५१२ केबीपीएस होती. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ती दोन एमबीपीएस केली. म्हणजे मर्यादेनंतर एखादी कंपनी ५१२ देत असेल, तर आजच्या व्याख्येप्रमाणे ते ब्रॉडबँड उरतच नाही. पत्रात या विसंगतीकडे बोट दाखवायला हरकत नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. नाशिकच्या इंदिरानगरातलं म्हणा. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ हा शब्द आणि त्याच्या डोक्यावर एक छोटीशी चांदणी. त्या चांदणीचा खुलासा वेबसाइटच्या तळाशी, आणि तो वाचायला कोणी गेलेलं नाही. बिलाचं चक्र पाच तारखेला सुरू होतं. मर्यादा आहे एक हजार जीबीची. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ३३०० जीबी हा आकडा अलीकडे बराच रुळला आहे. छतावर अँटेना लावून हवेतून मिळणाऱ्या जोडणीत आणि स्थानिक कंपन्यांच्या प्लॅनमध्ये ती हजाराच्या आसपासही आढळते. हजार जीबी ऐकायला प्रचंड वाटतं. पण शंभर एमबीपीएसने नळ पूर्ण उघडा ठेवला तर तासाला ४५ जीबी वाहतात आणि हजार जीबी बावीस-तेवीस तासांत, म्हणजे एका दिवसाच्या आत संपतात. अर्थात कुठलंच घर असं सलग वापरत नाही.

या घरात टीव्हीवर दिवसाला चार तास एचडी मालिका आणि सामने चालतात. तासाला तीन जीबी धरले तर बारा जीबी. फोन, मुलांचे व्हिडिओ, सुनेचं घरून काम, यांचे मिळून दहा जीबी. इथपर्यंत बावीस झाले, म्हणजे महिन्याचे ६६०. मर्यादा लांब आहे. पण गेल्या वर्षी फाटकावर एक आणि पार्किंगमध्ये एक असे दोन कॅमेरे बसवले. ते रेकॉर्डिंग घरात साठवत नाहीत, सतत कंपनीच्या क्लाउडवर पाठवतात, प्रत्येकी एक एमबीपीएसने. एक एमबीपीएस म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चोवीस तास चाललं की एका कॅमेऱ्याचे दिवसाला १०.८ जीबी होतात, दोघांचे २१.६. घराचा रोजचा वापर झाला ४३.६ जीबी. हजार जीबी तेविसाव्या दिवशी संपतात. पाच तारखेपासून मोजा: सत्तावीस तारखेची रात्र. सत्तावीस ते चार, आठवडाभर घर दोन एमबीपीएसवर.

घरातल्यांना यातलं काहीच माहीत नाही. ते म्हणतात, ‘आम्ही एवढं काय बघतो?’ खरंच बघत नाहीत. निम्मा वापर कॅमेऱ्यांचा आहे, आणि तो डाउनलोड नसून अपलोड आहे. कंपनी अपलोड मोजत नसेल तर हे घर कधीच मर्यादेपाशी पोचणार नाही. मोजत असेल तर दर महिन्याला पोचेल. एकाच ओळीच्या उत्तरावर सगळं ठरतं, आणि ती ओळ अनेकदा कुठल्याच जाहिरातीत नसते. म्हणून पत्र लिहायचं.

पण पत्राआधी एक खात्री करून घ्या: झालेला प्रकार कपातीचाच आहे, बिघाडाचा किंवा गर्दीचा नाही. लॅपटॉप वायफायवर न ठेवता केबलने राउटरला जोडा, घरातली बाकी उपकरणं आणि कॅमेरे थोडा वेळ बंद करा आणि वेग तपासा. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री दहाला. तिन्ही वेळा आकडा जवळपास एकच आणि गोल आला, दोन किंवा एक किंवा अर्धा एमबीपीएस, तर ती कपात. पहाटे नव्वद आणि रात्री वीस येत असेल तर ती गर्दी. आकडा वाटेल तसा उड्या मारत असेल, मधेच लाइन तुटत असेल, तर बिघाड शोधायला हवा. सगळ्यात पक्की खूण मात्र तारीख. बिलाचं चक्र बदलताच, कोणी काही न करता, वेग परत आला तर शंकेला जागा उरत नाही. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. कंपनीच्या अॅपमध्ये ‘यूसेज’ दाखवत असतील तर त्याचाही घ्या, कारण पुढच्या महिन्यात तो आकडा तिथे असेलच असं नाही.

दुसरा प्रश्न, पत्र पाठवायचं कोणाला. आपल्याकडे याचा फार घोळ होतो. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत इंटरनेट देणारा माणूस बहुधा पूर्वीचा केबलवाला असतो. लोक त्यालाच कंपनी समजतात. बरेचदा तो फक्त फ्रँचायझी असतो. परवाना दुसऱ्याच कंपनीकडे असतो आणि मर्यादेचा आकडा तिच्या सर्व्हरवर बसलेला असतो. केबलवाल्याला विचारलं तर तो ‘वरून येतं’ म्हणतो, आणि खरं तर वरूनच येतं. बिल बघा. त्यावर अठरा टक्के जीएसटी लावलेला असतो आणि ज्या कंपनीच्या नावे जीएसटी क्रमांक आहे, ती तुमच्या पत्राची धनी. रोख पैसे घेऊन बिल न देणारा असेल तर पत्राची पहिली मागणी बिलाचीच ठेवा. कंपनीच्या वेबसाइटवर ‘टेलिकॉम कन्झ्युमर्स चार्टर’ नावाची पुस्तिका असते, निदान असायला हवी. तिच्यात तक्रार केंद्राचा क्रमांक आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा पत्ता मिळतो. पत्र तक्रार केंद्राच्या ईमेलवर पाठवा आणि त्याचीच छापील, सही केलेली प्रत स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा.

आता पत्र. रागाचं नको, लांबही नको. ‘तुमची सेवा अत्यंत निकृष्ट आहे’ असं लिहिलं की समोरचा दिलगिरीचं छापील उत्तर पाठवून मोकळा होतो. ज्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागेल असं विचारायचं. इंदिरानगरच्या या घराने असं लिहावं:

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(परवानाधारक कंपनीचं बिलावरचं पूर्ण नाव व पत्ता)

विषय: ग्राहक क्रमांक ____ : डेटा मर्यादा व त्यानंतरच्या वेगाची लेखी माहिती मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

वरील क्रमांकाची ब्रॉडबँड जोडणी माझ्या नावे आहे. प्लॅनचे नाव ____, वेग १०० एमबीपीएस, बिलाचे चक्र दर महिन्याच्या ५ तारखेपासून. दि. २७ च्या रात्रीपासून दि. ४ पर्यंत जोडणीचा वेग सतत २ एमबीपीएसच्या आसपास राहिला व दि. ५ रोजी तो आपोआप पूर्ववत झाला. केबल जोडून केलेल्या तपासणीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. मर्यादा संपल्याची कोणतीही सूचना मला एसएमएस अथवा ईमेलने मिळालेली नाही.

ट्रायच्या दि. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशानुसार प्लॅनची डेटा मर्यादा, मर्यादेपर्यंतचा वेग व मर्यादेनंतरचा वेग ही माहिती ग्राहकास देणे बंधनकारक आहे. कृपया माझ्या जोडणीपुरती पुढील माहिती लेखी द्यावी.

१. माझ्या प्लॅनची डेटा मर्यादा किती जीबी आहे? ती दर बिलचक्राला आहे की कॅलेंडर महिन्याला, आणि कोणत्या तारखेला व किती वाजता शून्यावर येते?

२. या मर्यादेत डाउनलोड व अपलोड दोन्ही धरले जातात काय?

३. एक जीबी म्हणजे आपल्या मोजणीत १००० एमबी की १०२४ एमबी?

४. मर्यादा ओलांडल्यावर डाउनलोडचा वेग किती व अपलोडचा वेग किती? दोन्ही आकडे स्वतंत्र द्यावेत.

५. मागील तीन बिलचक्रांतील माझा दिवसवार वापर, डाउनलोड व अपलोड वेगळे दाखवून, द्यावा. मर्यादा ज्या क्षणी ओलांडली गेली ती तारीख व वेळ द्यावी.

६. मला सूचना पाठवली असल्यास ती कोणत्या क्रमांकावर अथवा ईमेलवर, कोणत्या दिवशी पाठवली?

७. मर्यादेनंतर जादा डेटा विकत घेता येत असल्यास त्याचा करासह दर व मुदत.

८. मी जोडणी घेताना भरलेल्या अर्जाची व त्या दिवशी लागू असलेल्या अटींची प्रत. त्यानंतर अटी बदलल्या असल्यास बदलाची तारीख.

हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक कळवावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. दूरध्वनीवरील उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.

आपला / आपली,
(सही, नाव, पत्ता, दिनांक)

यातली पंधरा दिवसांची मुदत आपण घातलेली आहे, कायद्याने नव्हे. पण तारीख नसलेल्या पत्राला उत्तर देण्याची घाई कोणालाच नसते. ‘दूरध्वनीवरील उत्तर ग्राह्य नाही’ हे वाक्य मात्र ठेवाच. नाहीतर दुसऱ्या दिवशी एक गोड आवाज फोन करतो, ‘सर, तुमचा प्लॅन अनलिमिटेडच आहे’ म्हणतो आणि तक्रार निकाली काढल्याचा एसएमएस येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व वर आलंच. चौथा प्रश्नही त्याच्याच घरातला. कंपन्या ‘मर्यादेनंतर दोन एमबीपीएस’ इतकंच लिहितात. ट्रायची ५१२ केबीपीएसची किमान अटही फक्त डाउनलोडबद्दल आहे. अपलोडचं काय, हे मोघमच राहतं. आपल्या घरात कॅमेरे दोन आणि प्रत्येकी एक एमबीपीएस. अपलोडही दोनवर आलं तर ते दोन कॅमेरेच सगळी वाट अडवून बसतात. मग सून ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोरच्याला ऐकू शकते, पण तिचा आवाज पलीकडे तुटत जातो. ती म्हणते मायक्रोफोन खराब झाला. अपलोड अर्ध्या एमबीपीएसवर आणलं असेल तर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही अर्धवट जाईल, आणि चोरी झालीच तर नेमका तोच भाग नसेल. हे आधी माहीत असेल तर कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालून फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करण्याची सोय करता येते, किंवा वरचा प्लॅन घेता येतो. माहीतच नसेल तर दोन्हींपैकी काहीच सुचत नाही.

हजार आणि एक हजार चोवीसचा प्रश्न वाचून कोणी हसेल. पण जीबीपर्यंत जाताना हा फरक तीनदा गुणला जातो आणि सात टक्क्यांहून जास्त होतो. या घराच्या वापराने बघा: जवळजवळ पावणेदोन दिवसांचं इंटरनेट. शिवाय तुमच्या राउटरवर दिसणारा आकडा आणि कंपनीचा आकडा जुळवायचा असेल तर दोघांचं माप एकच आहे ना, हे आधी कळलं पाहिजे. थोडा फरक तरीही राहतोच, कारण डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ते-ठिकाणं लिहिलेली असतात आणि कंपनी ती पाकिटंही मोजू शकते. दोन-पाच टक्क्यांवरून भांडू नका. वीस-तीस टक्क्यांचा फरक दिसला तर मात्र दिवसवार तक्ता मागून एकेक दिवस ताडून पाहायचा. पाचवा प्रश्न त्यासाठीच आहे. घर आठवडाभर कुलूपबंद होतं, कॅमेरेही बंद होते, आणि तक्त्यात त्या दिवशी तीस जीबी दिसले, तर दोनच शक्यता: मोजणी चुकली, किंवा तुमचं वायफाय शेजारी कोणी वापरतंय.

आठव्या प्रश्नाबद्दल थोडं. अर्ज भरताना आपण सही कुठे केली तेवढंच आठवतं. त्या अर्जावर प्लॅनचं नाव असतं आणि अटी ‘वेळोवेळी बदलतील’ असं वाक्य असतं. त्या वाक्याच्या आधारे मर्यादा मधेच घटवली असेल तर तो वादाचा मुद्दा होऊ शकतो. पण जोडणी घेतली त्या दिवशीच्या अटी हातात नसतील तर घटली हे सिद्ध कसं करणार? तीन-सहा महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्यांनी तर ही प्रत पहिल्याच दिवशी मागावी.

उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात. पहिलं, ‘सर्व माहिती आमच्या वेबसाइटवर उपलब्ध आहे.’ त्यावर त्याच दिवशी एक ओळ पाठवायची: वेबसाइटवरचं कोणतं पान, त्याची लिंक द्या, आणि ते माझ्या प्लॅनला लागू आहे हे लेखी सांगा, दिवसवार वापर वेबसाइटवर नसतो, तो द्या. दुसरं, अर्धवट उत्तर. मर्यादा सांगितली, नंतरचा वेग सांगितला, अपलोडवर मौन. इथे नवं पत्र लिहू नका. जुन्याच तक्रार क्रमांकावर ‘प्रश्न क्र. २, ४ व ५ अनुत्तरित आहेत’ एवढंच कळवा. तिसरं उत्तर सगळ्यात धूर्त: ‘आपला वापर घरगुती स्वरूपाचा नसल्याने व्यावसायिक वापर धोरण लागू करण्यात आले.’ मग किती जीबीनंतर वापर व्यावसायिक समजला जातो, तो आकडा विचारा. आकडा सांगितला की तीच मर्यादा झाली, आणि ती जाहिरातीत का नव्हती हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आकडा नाही असं म्हटलं तर कपात कशाच्या आधारे केली, हे त्यांना सांगता येणार नाही.

उत्तर आलंच नाही किंवा पटलं नाही तर पुढची पायरी कंपनीतच आहे. २०१२ च्या ट्राय नियमावलीप्रमाणे तक्रार केंद्राच्या वर अपिलीय प्राधिकारी असतो. तीस दिवसांच्या आत त्याच्याकडे अपील करायचं, शुल्क काही नाही, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा. तक्रार क्रमांक असल्याशिवाय अपील उभं राहत नाही, म्हणून पत्राच्या शेवटी तो मागितला. अगदी छोट्या कंपन्यांकडे ही व्यवस्था नावापुरतीही सापडली नाही तर थेट पुढे जा. खुद्द ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. दूरसंचार विभागाकडे pgportal.gov.in वरून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जोडणी बीएसएनएलची असेल तर माहिती अधिकारात अर्ज करण्याचा आणखी एक मार्ग खुला आहे. खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपन्यांचे वकील अनेक वर्षं सांगत आले, कारण २००९ च्या एका निकालाचा तसा अर्थ लावला जात होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की ग्राहक आयोगाला हा अधिकार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्दच घातला आहे. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. तिथे तुमचा राग कामाला येत नाही. पत्र, पावती, तक्रार क्रमांक, स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा फोटो कामाला येतात. ‘अनलिमिटेड’ची जाहिरात असेल आणि कंपनीच्याच पत्रात हजार जीबीची मर्यादा असेल, तर दोन कागद शेजारी ठेवले की बाकी फारसं बोलावं लागत नाही. २०२२ च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: चांदणीखालच्या बारीक मजकुराने मूळ दाव्याच्या उलट काही सांगता येत नाही.

या पत्राने काय होणार नाही, तेही सांगायला हवं. मर्यादा उठणार नाही. वेग त्या आठवड्यात परत मिळणार नाही. मर्यादा आधी सांगितली होती आणि सूचनाही पाठवली होती, असं कंपनीने कागदावर दाखवलं तर भरपाईही मिळणार नाही; जुना मोबाइल क्रमांक नोंदवलेला असतो आणि सूचना तिकडेच जात राहतात, हे बरेचदा घडतं. मिळेल ते इतकंच, की पुढचा प्लॅन निवडताना तुमच्या हातात जाहिरात नसेल, आकडे असतील. या घराने दिवसवार तक्ता पाहिला, कॅमेरे सतत पाठवण्याऐवजी हालचालीपुरते केले, तर त्याच पैशात महिना पुरतो.

नवी जोडणी घेणार असाल तर हे पत्र नंतर लिहू नका, आधीच लिहा. पैसे भरण्यापूर्वी केबलवाल्याला किंवा कंपनीच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर चारच गोष्टी विचारा: मर्यादा किती जीबी, अपलोड धरता का, नंतर डाउनलोड किती, नंतर अपलोड किती. चार आकडे लिहून आले तरच पैसे भरा.